एकशे ब्याऐंशी दिवसांची मावशी

माझी धाकटी बहीण मस्कतला राहते, आणि ती परदेशी आहे हे मी तिला वीस-बावीस वर्षं ऐकवत आले. जबलपूरला उतरली की तिची बॅग चाकांवर, माझी जीभही चाकांवर. "आल्या का बाईसाहेब? किती दिवसांचा दौरा?" ती हसायची, आईच्या खोलीत बॅग टाकायची आणि स्वयंपाकघरात शिरून माझे डबे उलटेपालटे करायची. मी थोरली. तिला टोचून बोलणं हा मला माझा हक्कच वाटत आला.

त्या वर्षी मे महिन्यात आई बाथरूममध्ये घसरली. खुब्याचं हाड मोडलं. मी सरकारी शाळेत शिकवते, नवरा फॅक्टरीत स्टोअर सांभाळतो, मुलगी बारावीत आणि नीटच्या क्लासमध्ये. ऑपरेशनच्या दिवशी हॉस्पिटलच्या व्हरांड्यातून मी बहिणीला फोन केला आणि सगळा राग तिच्यावर काढला. "तुझं काय जातं? पाहुण्यासारखी येते, पाहुण्यासारखी जाते. आई माझ्या एकटीची आहे ना!"

चौथ्या दिवशी ती दारात हजर. तिकडच्या शाळेतून बिनपगारी रजा घेऊन आली होती. ऑगस्ट संपेपर्यंत राहिली. मग तिकडचा व्हिसा जिवंत राहावा म्हणून आठवडाभर मस्कतला जाऊन आली, गणपतीच्या आधी परत हजर, ती दिवाळी उरकून नोव्हेंबरच्या तिसऱ्या आठवड्यातच गेली. आईला तिनेच पुन्हा चालायला लावलं. वॉकर पुढे, ही मागे, आणि दोघींची भांडणं. मी त्या वर्षी एकही रजा घेतली नाही आणि मुलीचा एकही क्लास चुकला नाही. हे मी तेव्हा तिला बोलून दाखवलं नाही. बोलले ते एवढंच, की माझ्या कढईचं बूड तिने घासून पातळ केलं.

पुढच्या उन्हाळ्यात मुलीचा नीटचा निकाल लागला. ती पात्र ठरली, पण नंबर असा की सरकारी कॉलेज दुरून बघायचं आणि प्रायव्हेटच्या साध्या सीटचंही दार थोडक्यात बंद. मुलगी दोन दिवस जेवली नाही. तिला लहानपणापासून डॉक्टरच व्हायचं होतं. बाहुल्यांना सुया टोचून टोचून तिने त्यांचा भुगा केला होता. तिसऱ्या दिवशी मी तिला घेऊन विजय नगरला एका सल्लागाराकडे गेले.

दुसऱ्या मजल्यावर काचेचं ऑफिस, एसी, टेबलावर प्लास्टिकचा सांगाडा. सल्लागार मला 'दीदी' म्हणाला, म्हणजे मी लगेच सावध झाले.

"दीदी, मॅनेजमेंट कोटे में करा देंगे. टेन्शन मत लीजिए."

मी मास्तरीण. मी नियमपुस्तिका छापून, ओळी अधोरेखित करून नेली होती. आमच्या राज्यात प्रायव्हेट मेडिकलच्या सीटा राज्याच्या काउन्सेलिंगमधूनच भरतात. नागपूरकडे संस्थेचा कोटा असतो, अभिमत विद्यापीठांत मॅनेजमेंटच्या सीटा असतात, पण तिथेही नीटची गुणवत्ता यादी चालते; फक्त फी साध्या सीटच्या काही पट. मालकाने खिशातून सीट काढून हातावर ठेवली, असं कुठेच होत नाही. हे मी त्याला वाचून दाखवलं.

त्याने सांगाडा थोडा बाजूला सरकवला. "तो फिर एनआरआय. पंधरा टक्के सीटें. कोई है बाहर?"

"बहीण आहे. मस्कतला."

"अरे वा! और एक स्पेअर भी रख लेते हैं. कनाडा के चाचाजी." आणि खणातून त्याने खरंच एक वंशावळ काढली. तहसीलदाराच्या शिक्क्यासाठी खाली जागा सोडलेली. फक्त आमच्या घराण्याचं आडनाव भरायचं होतं. मी त्या झाडावर बोट फिरवलं, तारखा पाहिल्या आणि हिशेब मांडला.

"भैया," मी म्हटलं, "हे चाचाजी माझ्या नवऱ्याचे सख्खे भाऊ असतील तर माझ्या सासऱ्यांना ते अकराव्या वर्षी झाले."

मुलगी पहिल्यांदा हसली. निकाल लागल्यापासूनची पहिली वेळ. त्या हसण्यासाठी मी त्याची सल्ला-फी आनंदाने दिली आणि जिना उतरले.

खाली रस्त्यावरूनच बहिणीला फोन लावला. ती माझ्याआधी बोलली. "ताई, मी स्पॉन्सर होते. काहून एवढा विचार करून राहिली तू? आम्हाला कोण आहे दुसरं?" तिला आणि तिच्या नवऱ्याला मूल नाही. रस्त्यात उभी राहून रडले आणि उसाच्या रसवाल्याने मला फुकट ग्लास दिला.

एनआरआय सीटचं प्रकरण असं. साध्या सीटची फी राज्याची समिती ठरवते. एनआरआय सीटची त्याच्या कितीतरी पट, आकडा डॉलरमध्ये लिहिलेला, आणि ती फी स्पॉन्सरच्याच परदेशातल्या किंवा एनआरई, म्हणजे अनिवासींसाठीच्या इथल्या, खात्यातून यायला हवी. नीट पात्र असणं इथेही सक्तीचं. त्या वर्षीच्या नियमांत सख्खी मावशी बसत होती. लांबचे मामे-चुलते धरून लोकांनी सीटा लाटल्या म्हणून कोर्टांनी कान उपटले होते, त्यामुळे तपासणी कडक होती. पासपोर्ट, रहिवासी कार्ड, दूतावासाचा दाखला, स्पॉन्सरचं शपथपत्र, खात्याचा उतारा आणि नात्याचा पुरावा.

बाकी सगळं आठ दिवसांत जमलं. नात्याच्या पुराव्यावर मात्र आम्ही अडकलो, आणि त्याला कारण आमच्याकडची पद्धत. लग्नात नवरा बायकोचं नाव बदलतो. ताटात तांदूळ पसरून त्यात अंगठीने नवं नाव लिहितो, मग सगळ्यांना पेढे. माझ्या लग्नात नवऱ्याने अंगठी हातात घेतली तेव्हा मी असे डोळे वटारले की त्याने घाबरून माझं जुनंच नाव लिहिलं. बहीण मात्र गोड. ती फुलाच्या नावाने मांडवात गेली आणि नदीच्या नावाने बाहेर आली. दहावीच्या गुणपत्रिकेत फूल, पासपोर्टात नदी. पटवाऱ्याने जुने कागद बघून आमची वंशावळ काढली तीत आमच्या वडिलांना दोन मुली: एक मी, दुसरी फूल. नदीचा पत्ता नाही. लग्नाची नोंदणी त्या काळी कोणी केली होती?

कागद तपासणी शहराबाहेरच्या एका प्रायव्हेट कॉलेजात होती. नवऱ्याने फाइल केली. फॅक्टरीत तो तीस वर्षं खिळ्यांचीसुद्धा नोंद ठेवतो. त्याची फाइल म्हणजे अनुक्रमणिका, रंगीत फ्लॅग, प्रत्येक कागदाच्या तीन प्रती. बहिणीने मस्कतहून पासपोर्टचा फोटो पाठवायला घेतला तेव्हा याने तिला बजावलं होतं, कोरी पानंसुद्धा पाठव. तिने पाठवली. याने सगळी छापली.

टेबलामागे पन्नाशीच्या मॅडम होत्या. सुती साडी, नाकावर चष्मा, हातात शिसपेन्सिल. खोडरबर दोरीने टेबलाला बांधलेलं, म्हणजे माझ्याच जातीची बाई. त्यांनी पासपोर्टचं पहिलं आणि शेवटचं पान पाहिलं, रहिवासी कार्ड पाहिलं, दूतावासाचा दाखला पाहिला, आणि प्रत्येकावर बारीक खूण केली. मग वंशावळीपाशी थांबल्या.

"इसमें तो बहन का नाम दूसरा है."

मी तांदळाची गोष्ट सांगितली. त्यांनी चष्मा काढला. "पहला नाम ही बदल देते हैं? पूरा का पूरा?"

"हो. म्हणजे, जी."

"और लड़की कुछ नहीं कहती?"

"मी बोलले होते," मी म्हटलं, आणि त्या खळखळून हसल्या. म्हणाल्या, दोन्ही नावांचं शपथपत्र द्या, आणि सोबत काहीतरी जुना पुरावा. लग्नपत्रिका, फोटो, काहीही.

दुसऱ्या दिवशी शपथपत्र घेऊन आम्ही तिघं पुन्हा गेलो आणि सोबत बहिणीच्या लग्नाचा अल्बम. त्यात तो फोटो आहे: ताट, तांदूळ, नदीचं नाव ठसठशीत, वर वाकलेली माझी बहीण, आणि मागे मी, तोंड वाकडं करून. मॅडमनी फोटो भिंगाने पाहिला. "ये आप हैं? बिलकुल वही चेहरा." काम झालं होतं. खुणेसाठी पेन्सिल कागदाला टेकलीसुद्धा होती.

आणि इथे मी माती खाल्ली.

मला वाटलं, नातं सिद्ध करायचंच आहे तर असं करावं की कोणी शंका घेऊ नये. लग्नाचा फोटो जुना. मावशी-भाचीचं आजचं प्रेम कुठे दिसतं? म्हणून मी पिशवीतून दुसरा अल्बम काढला. तो मुलीने मोबाइलवरचे फोटो छापून केला होता आणि प्रत्येक फोटोखाली तारीख घातली होती. "पाहा ना मॅडम, किती जीव आहे दोघींचा."

मॅडमनी आवडीने पानं उलटली. मे: हॉस्पिटलच्या खाटेवर आई, शेजारी बहीण. जून: बहीण आणि वॉकर. जुलै: बहीण मुलीच्या केसांना तेल लावतेय. ऑगस्ट: राखी. मग गणपती, मोदकांचं ताट, बहीण. भेडाघाटला नावेत, बहीण. दसरा, बहीण. दिवाळी, बहीण रांगोळीत पाय देऊन उभी. मी प्रत्येक फोटोची गोष्ट सांगत होते. घरातली माणसंही इतकी रमून ऐकत नाहीत. मी तर आईच्या खुब्याचा एक्स-रेसुद्धा काढणार होते.

"आपकी बहन तो बहुत आती हैं," मॅडम हळूच म्हणाल्या.

"बहोत!" मी म्हटलं. अभिमानाने म्हटलं. आजही आठवलं की स्वतःच्या थोबाडीत द्यावीशी वाटते.

त्यांनी अल्बम मिटला. "पासपोर्ट के बाकी पन्ने हैं? सील वाले?"

नवऱ्याने हिरवा फ्लॅग उघडला. सगळी पानं, तीन प्रतींत. त्याच्या तोंडावर असं समाधान, जणू ऑडिटवाल्याने शाबासकी दिली.

मॅडमनी पेन्सिलीने शिक्के मोजायला घेतले. येण्याचा शिक्का, जाण्याचा शिक्का, पुन्हा येण्याचा, पुन्हा जाण्याचा. दोन आकडे एकाखाली एक लिहिले. एकशे बारा. पंच्याहत्तर. मी गणित शिकवते. मला बेरीज त्यांच्याआधी आली, पण तिचा अर्थ नंतर कळला. एकशे सत्त्याऐंशी.

त्यांनी मग नीट समजावलं, आवाज न चढवता. मस्कतचं कार्ड असणं पुरेसं नाही. एनआरआय कोण हे आयकराच्या कायद्याने ठरतं. एप्रिल ते मार्च या वर्षात माणूस भारतात एकशे ब्याऐंशी दिवस किंवा जास्त राहिला, तर त्या वर्षापुरता तो इथला रहिवासी. खिशात कुठल्याही देशाचं कार्ड असो.

नवरा पहिल्यांदा बोलला. "मॅडम, येण्याचा आणि जाण्याचा दिवस धरायचा का? चार दिवस कमी करून पाहा."

त्यांनी केले. एकशे त्र्याऐंशी.

"आणि मौसाजी?" मुलगी म्हणाली. "मौसाजी तो पूरे साल वहीं थे."

मॅडमनी मान हलवली. मौसाजींशी लग्नाचं नातं. नियमात रक्ताचं हवं. मग त्यांनी फॉर्मवर दोन ओळी लिहिल्या, सही केली, शिक्का मारला आणि एक प्रत मला दिली. देताना माझ्या हातावर क्षणभर हात ठेवला. चिडायला कोणीतरी हवं होतं मला, आणि ही बाई चिडू देत नव्हती. बाहेर पडल्यावर मी नवऱ्यावर चिडले. कोरी पानं कशाला छापलीस म्हणून. तो बिचारा फाइलचे फ्लॅग सरळ करत राहिला. चूक माझी होती, आम्हा तिघांनाही माहीत होतं. रिक्षात मुलगी खिडकीकडे तोंड करून बसली, आणि मी तिच्या पाठीवर हात ठेवला तर तिने तो झटकला नाही, याचंच मला जास्त वाईट वाटलं.

भरल्या न गेलेल्या एनआरआय सीटा शेवटच्या फेरीत साध्या सीटांत मिसळतात, म्हणून आम्ही तिथवर आशा धरली. पण तिचा नंबर तिथेही पोचला नाही. आणखी एक वर्ष अभ्यास, असं ठरलं.

बहिणीला सांगायचं काम माझंच. आठवडाभर मी टाळलं. मग एका दुपारी आई झोपलेली पाहून फोन लावला, आणि मॅडमनी दिलेला कागद समोर धरून तिला शब्दशः वाचून दाखवला. वर्षभरात भारतातलं वास्तव्य एकशे सत्त्याऐंशी दिवस. प्रायोजक भारताची रहिवासी. अपात्र.

मला वाटलं, आता रडणार. तर म्हणाली, "ताई, शिक्का आहे का त्याच्यावर?"

"आहे."

"गोल?"

"गोल."

"मग जपून ठेव तो. आता पुन्हा मला पाहुण्यासारखी येते म्हणायचं नाही. सरकारने लिहून दिलं आहे."

मी हसायला गेले आणि हसू फुटेना. बावीस वर्षं मी हिला परदेशी म्हणत आले. आयुष्यात एकदा, फक्त एकदा, ती परदेशी असायला हवी होती, आणि ती नव्हती. माझ्याच बोलण्याने नव्हती. मी तिला सॉरी म्हटलं. आमच्यात असले शब्द चालत नाहीत, त्यामुळे दोघी अवघडलो.

मग ती कामाचं बोलली. "पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज करू. मी यंदा मोजून येते. गणपतीत दहा दिवस, बस. बाकी वर्ष तिकडेच काढते. सीट पक्की होईल."

मी फोन कानाला धरून उभी होते. आतल्या खोलीत आईचा वॉकर भिंतीला टेकलेला होता. मला म्हणायचं होतं, ये गं, हवं तेवढं राहा. पण मुलीची सीट डोळ्यांपुढे होती. खरं तेच सांगते. मी गप्प बसले.

मुलगी मागे कधी येऊन उभी राहिली होती, कळलं नाही. तिला मराठी नीट समजतं, बोलताना अर्धं हिंदी होतं. तिने माझ्या हातातून फोन काढून घेतला.

"मावशी, तुम आओ. जितने दिन रहना है रहो. आजी रोज पूछती है. मी मार्क वाढवते, तू दिवस कमी नको करू."

पलीकडून काय उत्तर आलं मला ऐकू आलं नाही. मुलगी फक्त "अच्छा, चलो, डन" म्हणाली आणि पुस्तकाकडे गेली.

बहीण गणपतीच्या दोन दिवस आधी डुमना विमानतळावर उतरली. बॅग मोठी होती. मी "किती दिवसांचा दौरा" म्हणायला तोंड उघडलं आणि मिटलं. नवऱ्याने ते पाहिलं आणि रस्ताभर एकटाच हसत होता. मधे व्हिसासाठी चार-सहा दिवस मस्कतला जाऊन आली, तेवढंच. मुलीने स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर पेन्सिलीने रोजचा आकडा लिहायला सुरुवात केली, अगदी त्या मॅडमसारखा बारीक. बहीण डबे उलटेपालटे करत राहिली, आई तिच्याशी भांडत राहिली, मुलगी पहाटे उठून अभ्यास करत राहिली. मार्क वाढतायत की नाही हे मेमधल्या परीक्षेनंतरच कळेल.

होळीच्या दोन-तीन दिवस आधी मुलगी क्लासवरून येताना खोव्याची जिलबी घेऊन आली, किलोभर. मी ओरडले, हे काहून? तिने कॅलेंडर दाखवलं. एकशे ब्याऐंशी. ती आजीच्या खोलीत गेली आणि पहिली जिलबी तिच्या हातात ठेवली.

"कशाची?" आईने विचारलं.

"मावशी यहाँ की हो गई, आजी. कायदे से."

आईने जिलबी खाल्ली, बोटं चाटली, आणि म्हणाली, "ती गेली कधी होती?"